शतावरी, मेथी आणि बाळाचं दूध : खरंच फरक पडतो का?

मी वसईत स्तनपानाबद्दल आयांना मार्गदर्शन करते. आजचा विषय तुम्ही मेसेज करकरून मागितलात: "ताई, दूध कमी येतंय, शतावरी कल्प घेऊ का? सासूबाई मेथीचे लाडू खा म्हणतात."

एक उदाहरण घेऊया. समजा, विरारची एक आई आहे. बाळ तीन महिन्यांचं आहे आणि तिची नोकरी चर्चगेटला. सकाळी सातची लोकल, घरी परत यायला संध्याकाळचे सात. बारा तास बाळ अंगावर नाही. ऑफिसात दूध काढायला जागा नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात छाती दगडासारखी झाली. तिसऱ्या आठवड्यात ती हलकी वाटायला लागली आणि घरात सुरू झालं, "दूध आटलं, शतावरी आणा."

इथे झालं काय? दूध रिकामं होण्यावर बनतं. छाती भरलेली राहिली की शरीराला निरोप जातो, आता पुरे, कमी बनव. बारा तास दूध निघालंच नाही, तर कुठलीही पावडर तो निरोप उलटवू शकत नाही. या आईचा पहिला उपाय म्हणजे कामावर साधारण दर तीन तासांनी हाताने किंवा पंपाने दूध काढणं, आणि घरी आल्यावर, रात्री, सुट्टीच्या दिवशी बाळाला मागेल तेव्हा अंगावर घेणं.

मग शतावरीचं काय? आपल्याच देशातले दोन अभ्यास बघा. 1996 मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दूध कमी पडणाऱ्या 64 आया होत्या. शतावरी असलेलं मिश्रण घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या आयांमध्ये फरक दिसला नाही. 2011 मध्ये 60 आयांच्या अभ्यासात शतावरीच्या मुळाची पावडर घेणाऱ्यांचं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं हार्मोन, दुसऱ्या गटापेक्षा सुमारे तिप्पट वाढलं. एक नाही म्हणतो, एक हो म्हणतो, आणि दोन्ही छोटे. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात जगभरचे असे अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की मेथीसकट अशा वनस्पतींनी थोडा फायदा होत असेलही, पण पुरावा फार कच्चा आहे.

म्हणून सासूबाईंशी भांडू नका. भाजीत, लाडवात मेथी चालते. पण लाडू वेगळा आणि रोज कित्येक ग्रॅम मेथीच्या कॅप्सूल वेगळ्या. जास्त मेथीने आईला गॅस, जुलाब होऊ शकतात, कधी बाळाचंही पोट बिघडतं. आई आणि बाळाच्या घामाला, लघवीला गोडसर वास येऊ शकतो. तो एरवी एका दुर्मिळ आजाराचंही लक्षण असतो, म्हणून डॉक्टरांना मेथीबद्दल आधीच सांगा.

या आयांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या, कारण मेथीने साखर आणखी खाली जाऊ शकते. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्या, कारण मेथी त्याच कुळातली आहे. आणि पुन्हा दिवस गेले असतील तर मेथीचा औषधी डोस नकोच. शतावरी कल्पात भरपूर साखर असते, त्यामुळे मधुमेह असेल तर डब्यावरची घटकांची यादी आधी वाचा. सुट्टी, बिनलेबलची पावडर घेऊ नका. काही आयुर्वेदिक उत्पादनांत शिसं सापडलेलं आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट: दूध खरंच कमी आहे हे कसं ओळखायचं? छाती मऊ झाली, पंपात थोडंच आलं, बाळ संध्याकाळी रडलं, ही खात्रीची लक्षणं नाहीत. लघवी आणि वजन बघा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली लघवी हवी. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, पण दोन आठवड्यांपर्यंत जन्माच्या वजनावर परत यायला हवं. समजा जन्माला 2.9 किलो, पाचव्या दिवशी 2.7, चौदाव्या दिवशी पुन्हा 2.9: हे बाळ ठीक चाललंय. पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात त्याच काट्यावर वजन करून घ्या.

लघवी कमी, गडद पिवळी, बाळ सुस्त, दूध प्यायला उठतच नाही: मग शतावरीची वाट बघू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. वजन वाढत नसेल तर आईचं थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बाळाची पकड, हे आधी तपासायचं असतं. पावडरीवर महिना गेला तर तेवढा महिना बाळ उपाशी राहतं.

कामावर जाणाऱ्या मैत्रिणीला हा भाग पाठवा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट टाका. भेटू पुढच्या भागात!