स्पॅम रेट उतरला? लगेच खूश होऊ नका

मंडळी, आज जीमेलच्या पोस्टमास्टर टूल्समधला एकच आकडा बघू: स्पॅम रेट. समजा, तुमच्या न्यूजलेटरचे १०,००० मेल इनबॉक्समध्ये गेले आणि ३० जणांनी 'स्पॅम' दाबलं. रेट झाला ०.३%. गूगल सांगतं, ०.१% च्या खाली राहा, ०.३% पर्यंत जाऊच नका.

आठवड्याने बघता तर ०.१%! सुधारलं? थांबा. हा रेट इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलवरच मोजतात. आता ९,००० मेल थेट स्पॅम फोल्डरमध्ये पडतायत आणि उरलेल्या १,००० वर एक तक्रार आलीय.

ऑथेंटिकेशन १००% पास असलं, तरी मेल तुमचाच आहे एवढंच कळतं. लोकांना तो हवाय का, हे नाही. म्हणून रेट उतरला की जीमेलवाल्यांचे क्लिकही बघा. तेही घसरले असतील, तर मेल बहुतेक इनबॉक्सपर्यंत पोचतच नाहीयेत.