वाळूचं पोतं आणि पाण्याची बादली



आज मी वजन उचलण्याच्या व्यायामाबद्दल बोलणार आहे. शहरात यासाठी लोखंडी वजनं विकत मिळतात. ती महाग असतात. आपल्याकडे पोतं आहे, बादली आहे, वाळू आहे, पाणी आहे. एवढ्यावर काम भागतं. पण एक गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. ती न समजल्यामुळे आमच्या आळीतला एक मुलगा आठ दिवस अंथरुणावर पडला. त्याचीच हकिगत सांगतो.

मुलाला पोलीस भरतीला जायचं होतं. तिथे मुलांना 7 किलो 260 ग्रॅमचा गोळा फेकावा लागतो. अंगात ताकद यावी म्हणून त्याने युरियाचं रिकामं पोतं घेतलं. पोत्यावर 45 किलो असं छापलेलं होतं. त्याने हिशेब केला, "पाऊण पोतं भरलं की चौतीस किलो होतील." ओढ्यातली ओलसर वाळू त्याने पाऊण पोतं भरली, कमरेत वाकला आणि हिसका देऊन पोतं उचललं. तिथेच कमरेत उसण भरली. त्याला सरळ उभं राहता येईना.

चूक कुठे झाली? पोत्यावरचा आकडा युरियाचा होता, वाळूचा नव्हे. युरिया हलका असतो. तेवढ्याच जागेत वाळू भरली तर वजन दुपटीच्या घरात जातं. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, "दादा, ते पोतं गिरणीवर नेऊन काट्यावर ठेवा." दोघांनी मिळून नेलं. काटा सत्तरच्या पुढे गेला.

म्हणून पहिली गोष्ट अशी. वजन डोळ्यांनी ठरवू नये. काट्यावर ठरवावं. किराणा दुकानात किंवा गिरणीवर काटा असतोच. काटा जवळ नसेल तर पाणी घ्यावं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. लिटरच्या बाटलीने मोजून दहा बाटल्या बादलीत ओतल्या, की दहा किलो झाले. वर बादलीचं स्वतःचं वजन धरावं. वाळूचा असा हिशेब करता येत नाही. एक लिटर कोरडी वाळू साधारण दीड किलो भरते. ओली झाली की आणखी जड होते. काल उचललेलं पोतं रात्री पावसात भिजलं, तर आज ते कालचं पोतं राहत नाही.

आता पोतं कसं भरायचं ते सांगतो. मुलगा बरा झाला, डॉक्टरांनी हो म्हटलं, मग आम्ही त्याचं पोतं नव्याने भरलं. आधी वाळू उन्हात वाळवली. मग जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत दोन दोन किलो वाळू काट्यावर मोजून भरली. तोंडं सुतळीने घट्ट बांधली. प्रत्येक पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, म्हणजे एक फाटली तरी वाळू सांडत नाही. हे झाले आपले पुडे. हे पुडे गोणपाटाच्या पोत्यात ठेवायचे. उरलेल्या जागेत चिंध्या कोंबायच्या, म्हणजे पुडे इकडे तिकडे सरकत नाहीत. पोत्याचं तोंड बांधताना वर वीतभर कापड मोकळं ठेवायचं. पुड्यांचा फायदा हा, की वजन वाढवायचं तर एक पुडा घालायचा आणि कमी करायचं तर एक काढायचा.

खताचं जुनं पोतं बाहेरून वापरू नये. उन्हात पडून त्याचा धागा कुजतो आणि उचलताना ते अचानक फाटतं. खाली आपलेच पाय असतात.

उचलायचं कसं? पोतं दोन्ही पायांच्या मध्ये, अगदी जवळ ठेवावं. गुडघे वाकवावेत, कुल्ले मागे न्यावेत, पाठ ताठ ठेवावी. पोत्याला दोन्ही हातांनी कवळा घालून ते छातीशी धरावं आणि पायांच्या जोरावर उठावं. उठताना श्वास सोडावा. ठेवतानाही तसंच खाली बसावं. पोतं धरून कमरेत पीळ देऊ नये. वळायचं असेल तर पावलं टाकून वळावं. पोतं अंगापासून जितकं लांब, तितका कमरेवर भार जास्त.

आता वजन वाढवायचं कसं? मुलाने आठ पुड्यांनी, म्हणजे 16 किलोंनी सुरुवात केली. नियम असा ठेवला, की आठ वेळा उचलल्यावर आणखी दोनतीनदा उचलता येईल असं वाटलं पाहिजे. आठ वेळा उचलायचं, दोन मिनिटं बसायचं, पुन्हा आठ वेळा. अशा तीन फेऱ्या. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. पुढे आठाचे नऊ, नवाचे दहा करत जायचं. तिन्ही फेऱ्यांत बारा बारा वेळा नीट जमलं, की एक पुडा वाढवायचा आणि पुन्हा आठापासून सुरुवात करायची.

त्याला एका पुड्याला साधारण दोन आठवडे लागले. 16 चे 18 झाले, मग 20, मग 22, मग 24. तिथे गाडी अडली. उसाची तोड चालू होती. दिवसभर राबून आला की तिसऱ्या फेरीत त्याची पाठ वाकायची. पाठ वाकली, की ती फेरी तिथेच थांबवायची, हे ठरलेलं होतं. त्याने एक पुडा काढला. दोन आठवडे 22 किलोच उचलले. मग 24 सहज गेले. चार महिन्यांनी तो 26 किलो उचलत होता आणि कंबर दुखत नव्हती.

त्याचे वडील हसले. म्हणाले, "गुरुजी, मी तर पन्नास किलोचं पोतं रोज उचलतो." मी म्हणालो, "दादा, तुम्ही ते पंधराव्या वर्षापासून थोडं थोडं वाढवत आणलंत. पोरगा एका दिवसात सत्तर उचलायला गेला."

बादल्यांचं थोडक्यात सांगतो. दोन सारख्या बादल्या घ्याव्यात. दोन्हींत पाणी सारखं मोजून भरावं आणि दोन हातांत घेऊन तीस पावलं चालावं. एकाच हातात बादली घेतली तर अंग एका बाजूला कलतं. बादली काठोकाठ भरू नये. पाणी हिंदकळून जमीन निसरडी होते. प्लास्टिकच्या बादलीची कडी निसटते, म्हणून लोखंडी बादली बरी. कडीला फडकं गुंडाळावं, नाहीतर ती हाताला रुतते.

शेवटी दुखण्याबद्दल. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि दंड जडावले, तर घाबरू नये. दोनतीन दिवसांत उतरतं. पण उचलताना कमरेत चमक आली, दुखणं पायात उतरलं, पायाला मुंग्या आल्या, किंवा छातीत दुखून चक्कर आली, तर पोतं खाली ठेवावं आणि दवाखाना गाठावा. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा आजार आहे, हर्निया आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बाईनेही विचारल्याशिवाय वजन उचलू नये.

त्या मुलाने युरियाचं ते पोतं अजून ठेवलं आहे. 45 चा आकडा खोडून त्याने त्यावर कोळशाने लिहिलं आहे, "आधी काट्यावर."