वय विचारलं, तर काय सांगायचं?

उर्स्याहून आम्ही बोलतोय, बचत गटाच्या बायका.

आमच्या गटातली एक ताई, वय 44. पॅकिंगच्या कामासाठी एका कारखान्याच्या गेटवर गेली. ठेकेदाराच्या माणसानं आधार कार्ड बघितलं आणि म्हणाला, “पस्तिशीच्या आतल्याच हव्यात.” ताई मान खाली घालून परत आली. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला.

आधी खरं काय ते सांगतो. खाजगी कंपनीनं वयावरून नाकारलं, तर त्याविरुद्ध दाद मागता येईल असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. सरकारी भरतीत वयाची अट जाहिरातीत लिहिलेली असते, तिथं वाद घालून उपयोग नाही. पण गेटवरची पस्तिशी बहुतेक वेळा कुठंच लिहिलेली नसते. ती त्या माणसाच्या मनातली शंका असते, आणि शंकेला उत्तर देता येतं.

आम्ही बैठकीतच मुलाखतीचा सराव केला. एक बाई साहेब झाली, ताई समोर बसली.

“दिवसभर उभं राहणं जमेल का?” ताई आधी म्हणायची, “हो, जमेल की.” एवढ्यानं समोरच्याची खात्री पटत नाही. मग तिनं केलेलं काम सांगायचं ठरलं: “भात लावणीला मी दिवसभर चिखलात वाकून असते. लग्नाच्या हंगामात दोनशे माणसांच्या पोळ्या उभ्यानं लाटल्यात.”

“सुपरवायझर तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, ऐकाल का?” उत्तर: “गटाचा हिशोब मला वीस वर्षांच्या पोरीनं शिकवला. काम शिकवणाऱ्याचं वय मी बघत नाही.”

आणि थेट “वय जास्त आहे” म्हणाले तर? भांडायचं नाही, रडायचंही नाही. विचारायचं, “या कामात कुठली गोष्ट मला जमणार नाही असं वाटतं? तीन दिवस काम बघा, मग ठरवा.” मात्र त्या तीन दिवसांची मजुरी किती, हे आधीच विचारून घ्यायचं. फुकट राबायचं नाही.

वय कमी करून मात्र सांगू नका. पुढं भविष्य निर्वाह निधीच्या कागदांत जन्मतारीख जुळली नाही, तर स्वतःचेच पैसे अडकतात. उलट आपलं आधार तपासा. नोंदणीच्या वेळी अंदाजे वय सांगितलं असेल, तर त्यावर 1 जानेवारी अशी तारीख पडलेली असू शकते आणि कागदावर आपण उगीच मोठ्या दिसू शकतो. जन्मतारखेचा कुठला पुरावा चालतो ते आधार केंद्रात विचारा आणि तिथं दुरुस्ती करून घ्या. जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, म्हणून पुरावा नीट वाचूनच जा.

ताई दुसऱ्या एका गेटवर गेली. तिथंही वय निघालं. तिनं तीन दिवसांचं बोलणं केलं, मजुरी ठरवली. चौथ्या दिवशी तिला हजेरी कार्ड मिळालं.

पहिल्या गेटवर अजून पस्तिशीच चालते. पण येत्या बैठकीत आमच्या आणखी दोघी सरावाला बसणार आहेत. तुमच्या गटातही एकीला साहेब करून बघा.