शेरा खाली पाहा

(तरुण मुलामुलींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आज मात्र मी एका वहीच्या पानाबद्दल बोलणार आहे, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर असे पान कधी ना कधी आलेले असेल. घरातली किंवा शेजारची एखादी बाई फोटो पाठवते आणि खाली लिहिते किंवा बोलून विचारते, ‘बेटा, देख तो, सर क्या लिखे?’ आपण मराठी शाळेत शिकलेलो, तिला उर्दू वाचता येते, मराठी येत नाही. आपण धावता धावता दोन शब्दांत सांगतो आणि विसरून जातो. त्या दोन शब्दांवर तिच्या घरात काय होते, ते आपल्याला कळत नाही.

आमच्या सोलापूरच्या घराशेजारी एक खाला राहतात. त्यांचा धाकटा मुलगा मराठी शाळेत पाचवीत होता. एका संध्याकाळी त्यांचा फोटो आला आणि मागोमाग व्हॉइस मेसेज. आवाज घाबरलेला. सरांनी वहीत काहीतरी लिहिले होते. खालांनी ते आधी इमारतीतल्या एका भल्या माणसाकडून वाचून घेतले होते. त्याला हिंदी येत होती, म्हणजे देवनागरी अक्षरे तो नीट वाचू शकत होता. त्याने सांगितले, ‘लिखा है, गड़बड़ में लिखता है, क्लास में दंगा करता है, माँ-बाप को मिलना पड़ेगा.’ खालांनी मुलाला दोन थपडा दिल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवायचे नाही असे ठरवले होते. ‘दंगा’ हा शब्द त्यांच्या कानात कुठल्या अर्थाने शिरला असेल, हे इथे बसलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही.

आता ते पान बघू. विषय होता ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध. मुलाचे लिखाण निळ्या पेनाने, सरांचे लाल पेनाने. एका वाक्याशेजारी ‘छान!’ लिहिलेले. ‘पाउस’ला गोल करून वर ‘पाऊस’ केलेले. समासात एक बाण आणि त्याशेजारी ‘शेरा खाली पाहा’. आणि पानाच्या तळाशी तीन-चार ओळी:

‘कल्पना छान. गडबडीत लिहिल्यामुळे खाडाखोड फार. तासाला दंगा करतो, पण विचारले की उत्तर बरोबर देतो. पालकांनी एकदा येऊन भेटावे.’

मी पहिले काम केले ते भाषांतराचे नाही, उतरवून घेण्याचे. फोटो मोठा करून जे दिसते ते जसेच्या तसे कागदावर लिहायचे, अर्थ न लावता. कारण आपण एकदा अर्थ लावायला लागलो की अक्षरेही त्याच अर्थाची दिसू लागतात. घाईत तपासणाऱ्या शिक्षकांच्या अक्षराला अनेकदा शिरोरेषा नसते. मग ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांत फरक उरत नाही आणि ‘ख’चा ‘रव’ होतो. अशा वेळी त्याच शिक्षकांनी त्याच पानावर ते अक्षर दुसरीकडे कसे काढले आहे ते शोधायचे. मला ‘भेटावे’ नीट लागत नव्हते. म्हणून मी खालांकडे आधीच्या दोन पानांचे फोटो मागितले. तिथे ‘लाभ’ दुरुस्त केलेला सापडला आणि सरांचा ‘भ’ कळला.

उतरवून झाल्यावर एक गोष्ट खटकली. शिक्षकाच्या शेऱ्याखाली सही असते, बहुतेक वेळा तारीखही. इथे दोन्ही नव्हते. सही दिसत नसेल तर शेरा संपलेला नाही, असे धरायचे. मी खालांना म्हटले, वही खिडकीजवळ सपाट ठेवा, पानाचे चारही कोपरे दिसू द्या, फ्लॅश नको, बोट पानावर येऊ देऊ नका. दुसरा फोटो आला. पहिल्या फोटोत त्यांच्या अंगठ्याखाली एक ओळ गेली होती:

‘ही तक्रार नाही.’ आणि सही.

मित्रांनो, सगळ्या शेऱ्याचा सूर त्या तीन शब्दांत होता आणि तेच झाकले गेले होते. म्हणून अर्धवट फोटोवर कधीही भाषांतर सांगू नका. एखाद्या ओळीच्या टोकाचा ‘नये’ कापला गेला तर ‘पेन्सिलने लिहू नये’ याचे उलटे होते.

आता शब्दांकडे येऊ. त्या भल्या माणसाने खोटे काही सांगितले नव्हते. त्याने अक्षरे बरोबर वाचली आणि अर्थ हिंदीचे लावले. मराठी आणि हिंदी-उर्दू यांत दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असे बरेच शब्द आहेत आणि शाळेच्या शेऱ्यात नेमके तेच येतात. या एका शेऱ्यात चार होते.

मराठीत ‘गडबडीत’ म्हणजे घाईघाईत. हिंदीत ‘गड़बड़’ म्हणजे काहीतरी चुकलेय, काळेबेरे आहे. मराठीत वर्गातल्या पोराचा ‘दंगा’ म्हणजे आरडाओरडा, धिंगाणा. त्याच अर्थाने आपण ‘दंगामस्ती’ म्हणतो. उर्दू बोलणाऱ्या आईला मात्र त्यात जाळपोळ ऐकू येते. ‘खाली’ मराठीत खालच्या बाजूला, हिंदी-उर्दूत रिकामे. त्या गृहस्थाने ‘शेरा खाली पाहा’ याचा अर्थ ‘कुछ जगह खाली छोड़ी है’ असा लावला आणि बाण सोडून दिला. चौथा शब्द ‘तक्रार’. हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणे. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे वादावादी, मराठीत मात्र गाऱ्हाणे. म्हणून ‘ही तक्रार नाही’ याचे ‘यह तकरार नहीं’ केले तर खाला म्हणतील, भांडण कुणी काढले? तिथे ‘शिकायत’ हवे. ‘शिक्षा’ही लक्षात ठेवा. सरांनी ‘शिक्षा केली’ लिहिले तर मुलाला शिकवले असे नव्हे, सजा दिली.

शब्द सुटले तरी सूर उरतो. त्या पानावर तो दोन ठिकाणी होता.

पहिली जागा ‘भेटावे’. मराठीत ‘भेट’, ‘भेटा’ आणि ‘भेटावे’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. शाळेच्या लेखी मराठीत पालकांना ‘-वे’ लावून लिहिण्याची रीत आहे: सही करावी, लक्ष द्यावे, भेटावे. तो अदबीचा औपचारिक सूर आहे, हुकूम नाही. ‘मिलना पड़ेगा’ म्हटले की सक्ती येते, पोलीस चौकीचे बोलावणे वाटते. ‘तशरीफ़ लाएँ’ म्हटले तर सर दावतीला बोलावताहेत असे होते. मी ‘एक बार आकर मिल लें’ केले. ‘लें’मध्ये ‘-वे’ची अदब येते. आणि ‘एकदा’ गाळायचा नाही. त्या एका शब्दाने बोलावणे हलके होते.

दुसरी जागा ‘पण’. शेऱ्यात ‘पण’च्या नंतर जे येते ते लिहिणाऱ्याचे खरे मत. ‘दंगा करतो, पण उत्तर बरोबर देतो’ ही शाबासकी आहे. ‘उत्तर बरोबर देतो, पण दंगा करतो’ हे गाऱ्हाणे. शब्द तेच. त्या गृहस्थाने ‘पण’पुढचे सांगितलेच नव्हते; वाईट तेवढे त्याच्या लक्षात राहिले. म्हणून वाक्यांचा क्रम बदलायचा नाही आणि सारांश सांगायचा नाही.

शेवटी मी खालांना व्हॉइस मेसेज पाठवला. तो असा होता:

‘सर लिखते हैं: ख़याल अच्छे हैं. जल्दी-जल्दी में लिखा है, इसलिए काट-पीट बहुत है. क्लास में मस्ती करता है, शोर मचाता है, मगर पूछो तो जवाब सही देता है. अम्मी या अब्बा एक बार आकर मिल लें. यह शिकायत नहीं है.’ मग थोडे थांबून, ‘अब यह मैं कह रहा हूँ, सर नहीं: डरने की बात नहीं लगती, आप जाकर आइए.’

ते थांबणे महत्त्वाचे. सरांचे म्हणणे कुठे संपते आणि माझे कुठे सुरू होते, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. ‘काट-पीट बहुत है’ यातला ‘बहुत’ मी काढला नाही, हेही बघा. सरांनी ‘फार’ लिहिले होते. सूर जपणे म्हणजे गोड करणे नव्हे. सरांनी चिडून ‘किती वेळा सांगायचे?’ लिहिले असते, तर मला ‘कितनी बार कहें?’ असेच सांगावे लागले असते. चीड आईपर्यंत पोचली नाही, तर पुढच्या शेऱ्यात ती दुप्पट होऊन येते.

हे मी अनुभवाने सांगतो. चौथीत असताना माझ्या वहीत बाईंनी लिहिले होते, ‘गृहपाठाची वही आणत नाही. किती वेळा सांगायचे?’ अम्मीला मराठी येत नव्हते आणि घरातला दुभाष्या मीच. मी तिला म्हटले, ‘टीचर ने नई कॉपी लाने बोले.’ तिने पैसे दिले. पुढच्या महिन्यात पुन्हा दिले. परीक्षेनंतर तिला शाळेत बोलावले तेव्हा सगळे बाहेर आले. त्या दिवशी बाईंसमोर ती काहीच बोलली नाही, कारण तिला बोलायची भाषाच नव्हती. घरी येताना रस्ताभर तिने माझा हात सोडला नाही आणि एक शब्दही काढला नाही. म्हणून सांगतो, ज्याच्याबद्दल शेरा आहे त्याच मुलाला तो वाचून दाखवायला लावू नका. मोठी बहीण, शेजारी, तुम्ही, कुणीही चालेल.

फोटोवरून न कळणारेही बरेच असते. सर सगळ्यांनाच असे लिहितात का, याच मुलाला लिहितात, हे एका पानावरून ठरवता येत नाही. एखादा शब्द लागलाच नाही तर ‘यहाँ एक लफ़्ज़ पढ़ा नहीं गया’ असे सरळ सांगा. अंदाजाने भरू नका.

खाला दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन शाळेत गेल्या. सरांना त्याला पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायचे होते. त्याआधी घरी अभ्यासाला जागा आहे का, कुणी बसवून घेईल का, हे विचारायचे होते. खालांनी तिथूनच मला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सर मराठीत बोलत होते, खाला उर्दूत. मी मध्ये होतो.

त्या फोनवर सरांनी शेवटी एकच विचारले, ‘मी काही चुकीचे लिहिले होते का हो? बाई घाबरलेल्या दिसतात.’ मी म्हटले, ‘सर, तुम्ही बरोबरच लिहिले होते. वाचून दाखवताना चुकले.’