सर्वेक्षणाचा आकडा आणि आपला वर्ग



दिनांक ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. निवडक शाळांतील तिसरी, सहावी व नववीच्या काही मुलांची त्यात चाचणी झाली. अशा नमुन्यावरून जिल्ह्याचे, राज्याचे व देशाचे चित्र रेखाटता येते. एका शाळेचे नव्हे.

समजा, संख्याज्ञानाच्या प्रश्नांना जिल्ह्यात सरासरी ६० टक्के उत्तरे बरोबर आली. एखाद्या खेड्यातील तिसरीत दहाच मुले आहेत. त्यांतील सहांना संख्याज्ञान आहे, असे यावरून ठरत नाही. ते नऊ जणांना असेल किंवा तिघांनाच. ती शाळा नमुन्यात आली असली, तरी दहांत एकाचे उत्तर चुकताच प्रमाण दहा टक्क्यांनी खाली येते. एवढ्या लहान संख्येवरून शाळेची प्रत ठरविणे योग्य नव्हे.

मग शिक्षकाने त्या आकड्यातून काय घ्यावे? कोणता भाग आधी तपासावा, एवढेच. ‘चारशे सात’ अंकांत लिहावयास सांगावे. जो ४००७ लिहितो, त्याला शतकस्थान उमगलेले नाही. जो ४७ लिहितो, त्याला शून्याचे प्रयोजन कळलेले नाही. दोघांचे उत्तर चुकलेच. परंतु दोघांना शिकवावयाचे निरनिराळे आहे. हा भेद जिल्ह्याच्या सरासरीत दिसत नाही. तो मुलाच्या पाटीवरच दिसतो.