विशेष लाभांश : खिशात आलेला पैसा कोणाच्या तिजोरीतून आला?
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत टपाल खात्यातल्या एका सेवानिवृत्त साथींनी विचारले की, "माझ्याकडे एका कंपनीचे दोनशे शेअर आहेत, तिने वर्षाच्या मध्येच 'विशेष लाभांश' म्हणून मोठी रक्कम पाठवली, तर कंपनी जोरात चालली आहे असे समजायचे ना?" प्रश्न साधा वाटतो, पण 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देऊन भागणार नाही. म्हणून आजचा वेळ त्यालाच देऊ.

आपल्या पतपेढीचा लाभांश तुम्हाला ठाऊक आहे. वर्ष संपते, हिशेब तपासले जातात, संचालक मंडळ दर सुचवते, आणि वार्षिक सभेत हात वर करून आपण तो मंजूर करतो. कंपनीचा अंतिम लाभांश जवळजवळ असाच असतो. मंडळ शिफारस करते, सर्वसाधारण सभा जाहीर करते. सभेला ही रक्कम कमी करता येते, पण मंडळाने सुचवल्यापेक्षा वाढवता येत नाही. अंतरिम लाभांशाला मात्र सभा लागत नाही. वर्ष चालू असताना, किंवा ते संपल्यावर वार्षिक सभा होण्याआधी, मंडळाने एका बैठकीत ठराव केला की काम झाले. जाहीर झालेला लाभांश, मग तो कोणताही असो, ३० दिवसांत चुकता करावा लागतो.

आणि 'विशेष'? कंपनी कायद्यात असा वेगळा प्रकारच नाही. कायद्याच्या नजरेने तो अंतरिम असतो किंवा अंतिम. 'विशेष' हे कंपनीने लावलेले लेबल आहे. त्याचा अर्थ एवढाच की, ही रक्कम नेहमीची समजू नका, पुढच्या वर्षी धरून बसू नका. म्हणून लेबल न वाचता हिशेब वाचायचा.

हिशेबासाठी हिंदुस्थान झिंकचे उदाहरण घेऊ. आपल्या चळवळीला हे नाव नवीन नाही. १९६६ साली स्थापन झालेली ही सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी. २००२ साली निर्गुंतवणुकीत सरकारने तिचा ताबा स्टरलाईटला, म्हणजे आजच्या वेदांत समूहाला दिला. २०१६ साली समूहाकडे सुमारे ६५ टक्के आणि सरकारकडे २९.५४ टक्के शेअर होते. बाकीचे थोडे तुमच्या-आमच्यासारख्यांकडे आणि संस्थांकडे.

मार्च २०१६ च्या अखेरीस संचालक मंडळाने सुवर्णमहोत्सवी विशेष लाभांश जाहीर केला : १२०० टक्के! आकडा ऐकून डोळे दिपतात. पण टक्केवारी बाजारभावावर नसून शेअरच्या दर्शनी किमतीवर असते, आणि ती होती २ रुपये. म्हणजे शेअरमागे २४ रुपये. आपल्या साथींकडे हे दोनशे शेअर असते तर ४,८०० रुपये मिळाले असते. तेही वरकड कमाई म्हणून नव्हे, कारण लाभांशाचा हक्क सुटतो त्या दिवशी शेअरचा भाव साधारण तेवढाच उतरतो. भागधारकाचाच पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात येतो.

आता एकूण रक्कम पाहा. सुमारे ४२२.५ कोटी शेअर, त्याला २४ ने गुणा : १०,१४१ कोटी रुपये. त्या काळी लाभांशावरचा कर कंपनीच भरत असे (१ एप्रिल २०२० पासून तो घेणाऱ्याला लागू झाला), तो धरून १२,२०५ कोटी. त्या वर्षाचा कंपनीचा नफा होता सुमारे ८,१६७ कोटी. म्हणजे नुसत्या त्या वर्षाच्या कमाईतून हे वाटप होणे शक्यच नव्हते. ते आले मागच्या वर्षांच्या गंगाजळीतून. कंपनीकडे त्या वेळी सुमारे ३५ हजार कोटी रुपयांची रोकड होती आणि कर्ज जवळपास नव्हते, त्यामुळे कंपनी लगेच अडचणीत आली असे नाही. खाण चालवायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा पडून असेल तर तो वाटणे हा गुन्हा नव्हे. २०१४ साली टीसीएसने शेअर बाजारात येऊन दहा वर्षे झाली म्हणून शेअरमागे ४० रुपये विशेष दिले, त्यामागेही जमलेली रोकडच होती.

मग पुढचा प्रश्न : हे पैसे गेले कुठे? ६५ टक्क्यांनी सुमारे ६,५८० कोटी कर्जाचा मोठा बोजा असलेल्या समूहाकडे. सरकारला शेअरपोटी सुमारे २,९९५ कोटी आणि करापोटी आणखी २,०६४ कोटी. दोन्ही मोठ्या भागधारकांना रोकड हवी होती. वाढदिवस निमित्ताला होता.

'एकदाच' म्हटलेली गोष्ट खरेच एकदाच होते का, हे बघायला एक वर्ष थांबावे लागते. मार्च २०१७ मध्ये याच कंपनीने पुन्हा विशेष अंतरिम लाभांश दिला, शेअरमागे २७ रुपये ५० पैसे. सुवर्णमहोत्सव दुसऱ्यांदा येत नाही, पण रोकडीची गरज येते.

खरी परीक्षा झाली २०२२-२३ साली. त्या एका वर्षात कंपनीने चार अंतरिम लाभांश दिले : २१, १५.५०, १३ आणि २६ रुपये. बेरीज ७५.५० रुपये, एकूण जवळपास ३१,९०० कोटी. वर्षाचा नफा १०,५११ कोटी. नफ्याच्या तिप्पट वाटप! या वेळी 'विशेष' शब्दाची गरजही पडली नाही. चारही वेळा मंडळाचा ठराव पुरला, कारण अंतरिमाला सभा लागत नाही. ज्यांच्याकडे ६५ टक्के मते, त्यांनी सभेतही ठराव मंजूर करून घेतला असता हे खरे; पण सभेत निदान उभे राहून विचारता तरी येते.

याचे व्रण ताळेबंदात दिसतात. वर्षाच्या सुरुवातीला कंपनीची स्वतःची पुंजी, म्हणजे भांडवल आणि राखीव निधी मिळून, सुमारे ३४ हजार कोटी होती. वर्षअखेर ती १३ हजार कोटींच्या आत आली. आणि जी कंपनी २०१६ साली कर्जमुक्त होती, तिच्यावर मार्च २०२३ मध्ये ११ हजार कोटींहून अधिक कर्ज उभे होते. यात बेकायदेशीर काही नव्हते, नफाही चांगला होता, शेअरधारक खूश होते. पण राखीव निधी म्हणजे जस्ताचा भाव पडेल त्या वर्षाची बेगमी असते. खोल खाणीची नवी कामे, यंत्रसामग्री आणि वेतनकराराच्या वेळी 'कंपनीची ऐपत' म्हणून जे मांडले जाते, त्याचा आधारही तोच. तो गेल्यावर ऐपतीची भाषा बदलते आणि व्याज आधी भरावे लागते. वाटाघाटीला बसणाऱ्या कोणत्याही युनियनने म्हणून मागच्या तीन-चार वर्षांचे लाभांशाचे आकडे नफ्याशेजारी लिहून न्यावेत.

आपल्या साथींच्या प्रश्नाकडे परत येतो. वार्षिक अहवाल मागवा, भागधारक म्हणून तो तुमचा हक्क आहे. त्यात रोख प्रवाहाचे पत्रक असते. धंद्यातून आलेली रोकड, यंत्रसामग्रीवर झालेला खर्च आणि दिलेला लाभांश, हे तीन आकडे कागदावर उतरवा. पहिल्यातून दुसरा वजा केल्यावर उरते त्यात तिसरा बसतो का पाहा. बसत नसेल तर त्याच पानावर खाली घेतलेल्या कर्जाची ओळ आहे, ती वाचा. मग भागधारकांच्या यादीत सर्वांत मोठे नाव कोणाचे आहे, आणि त्या वर्षी पैशाची निकड कोणाला होती, ते शोधा. अहवाल इंग्रजीत असतो, म्हणून अडू नका. पुढच्या बैठकीत तो घेऊन या, आपण एकत्र बसून ते पान लावू.