पालटलेल्या दृष्टीचा प्रामाणिक ताळेबंद



'या पुस्तकाने माझी दृष्टी पालटली,' असे लिहिणे सोपे असते. त्यापूर्वीची दृष्टी कोणती होती आणि पुस्तकातील नेमक्या कोणत्या विचाराने ती हलली, हे सांगताना मात्र लेखणी अडखळते. गांधीजींनी आत्मकथेच्या चौथ्या भागात हे काम कसे केले, ते पाहण्याजोगे आहे.

१९०४ साली ते जोहान्सबर्गहून दरबानला निघाले. स्थानकावर निरोप द्यायला आलेल्या हेन्री पोलक यांनी त्यांच्या हाती जॉन रस्किन यांचे 'अन्टू धिस लास्ट' ठेवले. चोवीस तासांचा प्रवास होता. पुस्तक हाती घेतल्यावर खाली ठेववेना आणि त्या रात्री झोपही लागली नाही.

एवढ्यावर प्रकरण संपले असते, तर ती केवळ भारावलेपणाची नोंद ठरली असती. परंतु गांधीजींनी पुस्तकातून घेतलेले तीन सिद्धांत मांडले: सर्वांच्या हितातच व्यक्तीचे हित आहे, वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, आणि श्रमाचे जीवन हेच खरे जीवन. पुढे त्यांनी मोकळेपणाने लिहिले, की पहिला आधीच ठाऊक होता, दुसरा अंधूक जाणवत होता आणि तिसरा कधी सुचलाच नव्हता. सर्व श्रेय पुस्तकाला द्यायचे नाही आणि स्वतःकडेही ठेवायचे नाही, असा हा हिशेब आहे. पुस्तकाने मनात आधीच रुजलेले काही जागे केले, हेही ते लपवीत नाहीत.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. रस्किन यांचा एक आग्रह असा, की एकाच कामाची मजुरी ठरलेली असावी, बोली लावून ती पाडू नये. निवड मात्र चांगल्या कारागिराची करावी. ग्रंथाचे नावही बायबलमधील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतातून आले आहे. तेथे शेवटी आलेल्या मजुरालाही इतरांइतकेच वेतन मिळते. वकील आणि न्हावी यांना एका पंक्तीस बसविणे ही मात्र गांधीजींनी टाकलेली पुढची पायरी आहे. ग्रंथ काय म्हणतो आणि वाचकाने त्यातून काय घेतले, या दोन गोष्टी निराळ्या असतात. निबंध लिहिणाऱ्याने आधी मूळ परिच्छेद उघडावा, त्याचा आशय द्यावा आणि मगच आपला निष्कर्ष वेगळ्या वाक्यात मांडावा. दोन्ही एकाच वाक्यात मिसळले, की लेखकाच्या तोंडी त्याने न म्हटलेले विचार जातात.

दृष्टी पालटल्याची खूण अखेर आचरणात दिसते. त्याच वर्षी दरबानजवळ फिनिक्स येथे वसाहत उभी राहिली. 'इंडियन ओपिनियन'चा छापखाना तेथे हलला. वर्ण वा देश न पाहता प्रत्येक कामकऱ्याला दरमहा ३ पौंड, असे ठरले. सर्व सहकाऱ्यांना ही योजना पटली नाही, हेही गांधीजींनी नोंदविले आहे.

निबंधातून 'भारावून गेलो' हे शब्द वगळून पाहावेत. त्यानंतरही आधीचे मत, ग्रंथातील जागा आणि नंतरची कृती शिल्लक राहत असेल, तर तो निबंध खरा.